कॉलम सरकवता येईल का? आर्किटेक्टला उत्तर लिहिण्याची कृती

आर्किटेक्टच्या ऑफिसातून दोन ओळींची ईमेल येते : ‘स्टिल्टमध्ये बी-४ कॉलम पार्किंगच्या मध्ये येतोय. १२०० मिमी पूर्वेला घेता येईल का? साइट थांबली आहे, आज कळवलंत तर बरं.’ आरसीसी कन्सल्टंटच्या टेबलावर अशी ईमेल दर थोड्या दिवसांनी येतेच. तिला उत्तरे बहुधा दोन तऱ्हेची जातात आणि दोन्ही वाया जातात. पहिले उत्तर एका ओळीचे : ‘शक्य नाही.’ मग आर्किटेक्ट क्लायंटकडे जातात, क्लायंट कॉन्ट्रॅक्टरला विचारतो आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, ‘होऊन जाईल साहेब.’ दुसरे उत्तर तीन पानांचे असते. त्यात कोडची कलमे, सॉफ्टवेअरचे तक्ते, सगळे काही असते, फक्त वाचणारा पहिल्या परिच्छेदातच थांबतो.

खरे उत्तर असे असते : आहे त्या डिझाइनमध्ये कॉलम सरकणार नाही. सरकवायचाच असेल तर अमुक गोष्टी नव्याने कराव्या लागतील, त्याला इतका वेळ लागेल आणि तुमच्या नकाशात अमुक ठिकाणी फरक पडेल. हे उत्तर तयार कसे करायचे, ते एक उदाहरण घेऊन सांगतो. इमारत पुण्यातली, स्टिल्ट आणि वर सात मजले, म्हणजे एकूण आठ स्लॅब. समजायला सोपे जावेत म्हणून आकडे गोल केले आहेत.

बी ही पूर्व-पश्चिम रांग. तिच्यात बी-३, बी-४ आणि बी-५ हे कॉलम एकमेकांपासून ४.५ मीटरवर आहेत. बी-३ च्या पलीकडचा गाळा ३.६ मीटरचा. चार नंबरची रांग उत्तर-दक्षिण जाते आणि तिच्यात ए-४, बी-४, सी-४ एका ओळीत आहेत. बी-४ चा आकार ३०० बाय ७५०. त्यातली ३०० ची बाजू बी रांगेच्या दिशेने आणि ७५० ची बाजू चार नंबरच्या दिशेने. वरच्या फ्लॅटमध्ये ही लांब बाजू बेडरूम आणि टॉयलेट यांच्यामधल्या भिंतीत जवळजवळ लपून जाते. ती जागा आर्किटेक्टनेच आखून दिली होती, हे लक्षात ठेवावे. उत्तरात मात्र ते बोलून दाखवू नये.

आधी तीन प्रश्न विचारा

हिशोबाला बसण्यापूर्वी फोन उचलावा. किती सरकवायचा, कोणत्या मजल्यापासून कोणत्या मजल्यापर्यंत आणि कशासाठी, एवढेच विचारायचे.

‘कशासाठी’ हा प्रश्न सगळ्यात कामाचा, आणि तोच बहुतेक जण विचारत नाहीत. आपल्या उदाहरणात कारण साधे आहे. दोन कॉलममधली मोकळी जागा ४.२ मीटर. एका गाडीला २.५ मीटर रुंदी धरली, तर त्यात एकच गाडी बसते. कॉलम १.२ मीटर सरकला की एका बाजूला ५.४ मीटर मोकळे मिळतात, तिथे दोन गाड्या, आणि दुसऱ्या बाजूला ३ मीटरमध्ये एक. म्हणजे हा सगळा खटाटोप एका जादा गाडीसाठी आहे. हे कळले की पर्याय शोधता येतात. शिवाय गरज १२०० मिमीची नसून ८०० ची आहे, हेही याच गणितातून दिसते. ८०० मध्येही ५ मीटर मोकळे मिळतात.

कोणत्या मजल्यांवर, या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते : ‘फक्त खाली. वर आहे तसाच राहू दे.’ इथे थांबून नीट बोलावे लागते. खाली एका जागी आणि वर दुसऱ्या जागी म्हणजे वरचे सात मजले एका बीमवर उभे करणे, ज्याला आपण फ्लोटिंग कॉलम म्हणतो. भूकंप तोलणाऱ्या चौकटीचा भाग असलेला कॉलम असा अधांतरी ठेवू नये, असे आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत स्पष्ट आहे. त्याच आवृत्तीप्रमाणे पुणे तिसऱ्या झोनमध्ये येते. बी-४ हा त्या चौकटीचाच कॉलम आहे, त्यामुळे ‘फक्त खाली’ हा मार्ग तिथेच बंद होतो. सरकवायचा तर पायापासून गच्चीपर्यंत. हे फोनवरच सांगून टाकावे, कारण यानंतर आर्किटेक्ट स्वतःच वरच्या मजल्याचा नकाशा उघडतात आणि निम्मा विषय तिथेच मिटतो. नवा कॉलम बेडरूमच्या कोपऱ्यातून १.२ मीटर आत, बी रांगेच्या भिंतीत येतो. भिंत २३० ची आणि कॉलमची आडवी बाजू ७५०. म्हणजे भिंतीच्या दोन्ही बाजूंना २६० मिमी बाहेर. एका बाजूला बेडरूमचे वॉर्डरोब, दुसऱ्या बाजूला १०५० मिमीचा पॅसेज. पॅसेजचे ७९० मिमी उरतात, आणि तेही सातही मजल्यांवर.

साइटवर काय झाले आहे ते बघा

ड्रॉइंगवरचा कॉलम आणि जमिनीतला कॉलम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साइट इंजिनिअरला फोन करून त्या दिवशीचे फोटो मागवावेत. आपल्या उदाहरणात बी रांगेची सगळी फुटिंग भरून झाली आहेत, बी-३ स्टिल्टच्या उंचीपर्यंत उभा आहे आणि बी-४ चे फक्त स्टार्टर वर आले आहेत.

नुसते स्टार्टर आले आहेत म्हणून काम सोपे आहे, असे साइटवर सगळ्यांना वाटते. ‘सळया वाकवून घेऊ, वर सरळ करू’ ही सूचना हमखास येते. सळईला असा तिरपा बाक द्यायला आयएस ४५६ परवानगी देते, पण उतार सहाला एक यापेक्षा जास्त नको. म्हणजे १२०० मिमी बाजूला जायला ७.२ मीटर उंची लागेल, आणि स्टिल्टची उंची आहे तीन मीटर. मुळात ही सवलत कॉलमचा आकार वर कमी होतो तिथल्या थोड्याशा फरकासाठी आहे, कॉलमला दुसरीकडे नेण्यासाठी नाही. हे एक वाक्य ईमेलमध्ये जरूर घालावे. ते आर्किटेक्टपेक्षा कॉन्ट्रॅक्टरसाठी असते, आणि ईमेल त्याच्यापर्यंत पोचणारच असते.

आता वजन कुठून कुठे जाते ते हाताने काढा

मॉडेल उघडायचा मोह आवरावा. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉलम माउसने ओढून १.२ मीटर पलीकडे ठेवायला एक मिनिट लागत नाही. त्याला जोडलेले बीम आपोआप त्याच्यामागे जातात, रन दिला की मॉडेल कुठलीही तक्रार न करता चालते आणि हिरवे आकडे दिसतात. पण त्या ओढण्यात चार नंबरच्या रांगेतला सरळ बीम मधोमध वाकडा झालेला असतो. तो तसा बांधायचा नसतो, कारण त्याच्यावर भिंत आहे आणि भिंत वाकलेली नाही. तेव्हा कागद, पेन्सिल आणि पंधरा मिनिटे.

बी-४ वर दर मजल्याला साधारण २१ टन येतात. त्यातले अंदाजे १० टन चार नंबरच्या रांगेतले बीम दोन बाजूंनी आणून देतात. उरलेले बी रांगेच्या बीममधून येतात. त्या बीमवर मीटरला २.४ टन भार धरू. आठ स्लॅबचे मिळून बी-४ वर १६५ टनांच्या आसपास.

कॉलम पूर्वेला सरकला की बी-३ ते बी-४ हा गाळा ४.५ चा ५.७ मीटर होतो आणि बी-४ ते बी-५ हा ३.३ मीटर. बीमवरचा वाकवणारा जोर गाळ्याच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे ५.७ भागिले ४.५ चा वर्ग : १.६ पट. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि ‘बीम थोडा खोल करू’ म्हणतात. खरी गोम पुढे आहे. चार नंबरचे बीम आहेत तिथेच राहतात, कारण वरची भिंत तिथेच आहे. पण त्यांच्याखाली आता कॉलम नाही. मग ते दर मजल्याचे १० टन घेऊन बी रांगेच्या बीमवर बसतात, नव्या कॉलमपासून १.२ मीटरवर. सलग भाराचा जोर गाळ्याच्या मध्यावर साध्या टेकूच्या हिशोबाने ६.१ टन-मीटरवरून ९.७ वर गेला होताच. या १० टनांमुळे तिथेच आणखी ६ टन-मीटर वाढतात. बेरीज १५.७, म्हणजे मूळच्या अडीच पटींहून जास्त. बीम पलीकडच्या गाळ्यात सलग असल्यामुळे प्रत्यक्ष आकडे यापेक्षा कमी येतील, पण प्रमाण साधारण असेच राहील, आणि ईमेलला प्रमाणच पुरते.

४५० मिमी खोल बीमला हे झेपत नाही. तो ६०० च्या पुढे जातो आणि सळयाही जाड होतात. त्यातून एक अडचण निघते जी नकाशावर दिसत नाही. आयएस १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार कॉलमची बाजू त्यातून जाणाऱ्या बीमच्या सर्वांत जाड सळईच्या किमान वीसपट हवी. सध्या बीममध्ये १२ च्या सळया आहेत, त्यामुळे ३०० ची बाजू चालून जाते. सळई १६ ची झाली की ३२० लागतात, २० ची झाली की ४००. म्हणजे बीम बदलला म्हणून कॉलमचा आकार बदलतो, आणि तो फक्त बी-४ चा नव्हे. तोच बीम ज्यात शिरतो त्या बी-३ चाही, जो साइटवर ३०० चा उभा आहे.

आता कोणावर किती वजन वाढले ते मांडावे. इथे एक गंमत आहे. ज्याला सरकवले त्या बी-४ वरचे वजन उलट १७ टनांनी कमी होते. बी-५ वरचे ११ टनांनी कमी होते. वाढते ते बी-३ वर, २८ टनांनी. बी-३ ला कोणी हातही लावलेला नाही, त्याच्याबद्दल ईमेलमध्ये एक अक्षर नाही, आणि सगळा बोजा त्याच्या गळ्यात पडतो. आर्किटेक्टला ही गोष्ट पटवणे हाच ईमेलचा गाभा आहे : कॉलम सरकवतो तेव्हा शेजारचा कॉलम अडचणीत येतो. हिशोब तपासायला सोपी खूण अशी, की वाढ आणि घट यांची बेरीज शून्य यायला हवी. २८ वजा १७ वजा ११. नाही आली तर कुठे तरी भार हरवला आहे किंवा दोनदा धरला आहे.

पायाचा निकाल लावा

बी-३ चे फुटिंग २.२ बाय २.६५ मीटर आहे आणि त्याखालचा कठीण मुरूम चौरस मीटरला ३० टन घेतो असे माती परीक्षणाच्या अहवालात आहे. पूर्वी १५८ टन येत होते, त्यात फुटिंगच्या स्वतःच्या वजनासाठी दहा टक्के धरले की दाब ३० च्या आत बसत होता, तोही जेमतेम. आता १८६ टन येणार. दाब ३५ वर जातो. फुटिंग वाढवावे लागेल, आणि त्याच्यावर कॉलम उभा आहे.

बी-४ चा प्रश्न याहून सरळ. त्याचे फुटिंग बी रांगेच्या दिशेने २.३ मीटरचे, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत १.१५ मीटर. नवा कॉलम मध्यापासून १.२ मीटरवर आहे. कॉलमचा मध्यबिंदूच फुटिंगच्या बाहेर पडतो. हे छोट्या रेखाचित्रात दाखवले की एकही आकडा न वाचता कळते.

मग ‘८०० चालेल का, ५०० चालेल का’ असा घासाघीस करणारा प्रश्न येतो, त्याचे उत्तरही आधीच काढून ठेवावे. फुटिंगच्या मध्यापासून भार रुंदीच्या एक षष्ठांशाहून जास्त दूर गेला की पलीकडची कड जमिनीवरून उचलायला लागते. २.३ मीटरचा सहावा भाग ३८३ मिमी. आणि त्या मर्यादेवरही अलीकडच्या कडेचा दाब सरासरीच्या दुप्पट झालेला असतो, जो या मुरमाला चालणार नाही. म्हणजे ८०० तर सोडाच, ३८३ सुद्धा नाही.

भूकंपाचा मुद्दा एकाच वाक्यात बसवा

भूकंपाचे नाव काढले की समोरचा एकतर घाबरतो किंवा कंटाळतो. म्हणून तक्ते न देता चित्रच सांगावे. ए-४, बी-४, सी-४ हे तीन कॉलम आणि त्यांना जोडणारे बीम मिळून उत्तर-दक्षिण दिशेची एक चौकट होते. बी-४ ची ७५० ची बाजू मुद्दाम त्या दिशेला ठेवली आहे, त्या चौकटीचा सगळ्यात ताठ खांब तोच. तो ओळीतून बाहेर काढला की चौकट मधोमध तुटते. त्या दिशेचा हादरा मग बाकीच्या चौकटींवर वाटला जातो, आणि त्यांचे डिझाइन त्या हिशोबाने केलेले नाही. म्हणून एका कॉलमसाठी पूर्ण इमारतीचे विश्लेषण पुन्हा करावे लागते. ‘एवढ्याशा बदलाला पंधरा दिवस कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

पर्याय शोधल्याशिवाय पाठवू नका

निदान एक खरा पर्याय हवा. ‘तुम्ही दुसरे काही सुचवा’ हा पर्याय नव्हे. एक गाडी हवी आहे, हे आपल्याला फोनवरून कळले आहे. पार्किंगचा नकाशा समोर घेतला की दिसते, पूर्वेच्या बाजूला जिन्यालगत दुचाकींसाठी ठेवलेली जागा ३ मीटर रुंद आणि ५ मीटर खोल आहे, आणि तिच्यासमोर गाडी वळायला वाव आहे. बी रांगेतल्या ४.२ मीटरच्या गाळ्यांत एकेक गाडी उभी केल्यावर प्रत्येकी १.७ मीटर उरतात. दुचाक्या तिथे आणल्या की जिन्यालगत एक गाडी बसते. कॉलमला हात लागत नाही. हे आर्किटेक्टचे क्षेत्र आहे, तेव्हा सुचवावे, ठरवू नये. गाडीचा वळसा, अग्निशमनासाठी सोडायची वाट, मंजूर नकाशातली पार्किंगची मोजणी, हे त्यांनाच जास्त कळते.

ईमेल लिहा

निर्णय पहिल्या दोन ओळींत. कारणे तीनच, आणि ती आर्किटेक्टला नकाशावर बोट ठेवून बघता येतील अशी. आकडा असा घ्यावा जो समोरच्याच्या कामाला भिडतो : पॅसेजचे ७९० मिमी हे टन-मीटरपेक्षा जास्त बोलतात. कोडचा उल्लेख एखाद्याच ठिकाणी, जिथे मनाई स्पष्ट आहे तिथे. ‘आम्ही जबाबदारी घेणार नाही’ हे वाक्य मला कधीच आवडले नाही. ते धमकीसारखे वाचले जाते आणि त्यातून माहिती काहीच मिळत नाही. सोबत एक पानाचे रेखाचित्र जोडावे : जुना कॉलम तुटक रेषेत, नवा ठळक, खाली फुटिंग, आणि चार नंबरचा बीम जिथे कॉलमविना राहतो तिथे गोल. हाताने काढलेले चालते. उलट हाताने काढलेलेच लोक बघतात.

प्रत्यक्षात अशा ईमेल आपल्याकडे बहुधा इंग्रजीत जातात, पण मांडणी तीच राहते.

> विषय : कॉलम बी-४, १२०० मिमी सरकवणे : सध्याच्या डिझाइनमध्ये शक्य नाही, पर्याय सोबत
>
> मॅडम, नमस्कार.
>
> सकाळच्या बोलण्याप्रमाणे तपासले. बी-४ आहे त्या डिझाइनमध्ये सरकवता येणार नाही. सरकवायचाच ठरल्यास काय काय नव्याने करावे लागेल ते खाली दिले आहे. त्याआधी एका गाडीची जागा मिळवण्याचा एक पर्याय सुचवतो, तो कृपया पाहावा.
>
> पर्याय : जिन्यालगतची दुचाकींची जागा (३ बाय ५ मीटर) एका गाडीला द्यावी आणि दुचाक्या बी रांगेच्या दोन गाळ्यांत, गाडीशेजारी उरणाऱ्या १.७ मीटरमध्ये घ्याव्यात. यात आमच्या ड्रॉइंगमध्ये काहीही बदल लागत नाही. वळणाची जागा आणि पार्किंगची मोजणी तुम्ही तपासावी.
>
> कॉलम न सरकण्याची कारणे :
>
> १. फक्त स्टिल्टमध्ये सरकवला तर वरचे सात मजले बीमवर उभे राहतात. बी-४ हा भूकंपाचा जोर घेणाऱ्या चौकटीतला कॉलम असल्यामुळे आयएस १८९३ प्रमाणे हे करता येत नाही. सगळ्या मजल्यांवर सरकवला तर तो बी रांगेच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना २६० मिमी बाहेर येतो आणि पॅसेज १०५० चा ७९० होतो.
>
> २. चार नंबरच्या रांगेतला बीम भिंतीखाली आहे तिथेच राहतो, पण त्याच्याखाली कॉलम उरत नाही. तो बी-३ ते बी-४ च्या बीमवर बसतो, आणि तो गाळाही ४.५ चा ५.७ मीटर होतो. त्या बीमवरचा जोर अडीच पटींच्या वर जातो. बी-३ वर अंदाजे २८ टन वाढतात. बी-३ चे फुटिंग आणि स्टिल्टचा कॉलम भरून झाला आहे, आणि ते फुटिंग एवढे वजन घेत नाही. शिवाय ए-४, बी-४, सी-४ ही उत्तर-दक्षिण चौकट तुटते, त्यामुळे पूर्ण इमारतीचे विश्लेषण पुन्हा करावे लागेल.
>
> ३. बी-४ चे फुटिंगही भरून झाले आहे. नवी जागा फुटिंगच्या कडेच्या ५० मिमी बाहेर पडते (सोबतचे रेखाचित्र). १२०० ऐवजी ८०० घेतले तरी फुटिंगची दुसरी कड उचलली जाते, म्हणून कमी अंतरानेही प्रश्न सुटत नाही. स्टार्टर वाकवून नेणे हा उपाय नाही. परवानगी असलेल्या उतारात एवढे अंतर जायला ७.२ मीटर उंची लागेल.
>
> तरीही सरकवायचा ठरल्यास : बी-४ साठी जुन्या फुटिंगला सामावून घेणारे नवे फुटिंग, बी-३ च्या फुटिंगची आणि कॉलमची वाढ, बी आणि चार नंबरच्या रांगांतील बीम आठही स्लॅबना नवीन (बी-३ ते बी-४ मध्ये खोली ४५० ऐवजी ६०० च्या वर, त्यामुळे पॅसेजमधील उंची कमी होईल), आणि पूर्ण संचाची सुधारित ड्रॉइंग. तुमचे सुधारित नकाशे सगळ्या मजल्यांचे हातात आल्यापासून आम्हाला पंधरा कामाचे दिवस लागतील. साइटचा वेळ आणि खर्च कॉन्ट्रॅक्टरकडून घ्यावा लागेल. डिझाइनच्या जादा कामाचे वेगळे पत्र क्लायंटच्या होकारानंतर पाठवतो.
>
> तोपर्यंत साइटला बी-४ चा कॉलम भरू नये असे कळवले आहे. बाकीचे कॉलम चालू राहू शकतात, फक्त बी-३ आणि बी-५ वर पुढे काही करू नये. पर्याय मान्य असल्यास उद्या दुपारपर्यंत उलट ईमेलने कळवावे, म्हणजे साइट मोकळी करतो.
>
> सोबत : एक पान रेखाचित्र. प्रत : क्लायंट, साइट इंजिनिअर.

प्रत कोणाला द्यायची, हा नाजूक भाग आहे. क्लायंटला प्रत जाणार हे आर्किटेक्टला आधी फोनवर सांगावे. न सांगता पाठवली तर ती तक्रार वाटते. साइट इंजिनिअरला प्रत हवीच, कारण ‘हा कॉलम भरू नका’ हा निरोप तोंडी गेला की दुपारच्या पाळीपर्यंत विरतो.

‘पंधरा कामाचे दिवस’ हा आकडा लिहिताना घाई करू नये. तो ‘सुधारित नकाशे हातात आल्यापासून’ असाच बांधून लिहावा. नाहीतर तारीख आजपासून मोजली जाते, नकाशे दहाव्या दिवशी येतात आणि उशीर आपल्या खात्यावर पडतो.

पाठवल्यानंतर

बहुतेक वेळा संध्याकाळी फोन येतो : ‘ठीक आहे, पार्किंग बदलतो.’ फोनवर आभार मानून ‘ईमेलने दोन शब्द टाका’ म्हणावे. ते येईपर्यंत साइटला मोकळीक देऊ नये. कधी कधी क्लायंट म्हणतो, ‘खर्च होऊ दे, मला सरकवलेला हवा.’ तसे झाले तर ते रास्त आहे. इमारत त्याची, आणि आपण ‘अशक्य’ असे कुठेच म्हटलेले नाही. तेव्हा पहिले काम म्हणजे बी-३ चे फुटिंग उघडून प्रत्यक्ष मोजमाप घेणे. ड्रॉइंगमध्ये २.६५ लिहिले म्हणून खड्डा २.६५ चाच भरला गेला असे नसते. दुसरे काम, साइटवरची जुनी ड्रॉइंग गोळा करून ‘रद्द’ असा शिक्का मारणे, नाहीतर सेंटरिंगवाला चौथ्या स्लॅबला जुन्याच कागदावरून बीम लावतो.

आणि तिसऱ्या तऱ्हेचे उत्तर येते तेव्हा जपावे : ‘दुसऱ्या एका कन्सल्टंटने सांगितले, होईल.’ यावर वाद घालू नये. त्यांचा हिशोब मागवावा आणि त्यात फक्त तीन गोष्टी बघाव्यात : चार नंबरचा बीम नेमका कशावर बसवला आहे, बी-३ च्या पायावर किती टन धरले आहेत आणि बी-४ चे जुने फुटिंग मॉडेलमध्ये आहे की नाही. तिन्हींची उत्तरे कागदावर असतील तर त्यांनी नवे डिझाइन केले आहे, आणि मग त्या ड्रॉइंगवर सहीही त्यांचीच हवी.